लाइन गेलेली नाही

मार्कंडा, तालुका चामोर्शी
रविवार, दुपार

प्रिय गड्या,

तुझी यादी पोचली. बँकेतल्या माणसाने पाठवलेली यादी कशी असावी याचा तो नमुनाच आहे. अनुक्रमांक, तपशील, वेळ, शेरा, आणि शेवटी दोन रेघा मारून बेरीज: 'एकूण वाचणारा वेळ : २३ मिनिटे.' तेवीस मिनिटं! आपल्या शाखेत एका ग्राहकामागे तेवीस सेकंद वाचवले तर आपला सत्कार होईल, आणि तू सांस्कृतिक मंडळाचा चिटणीस झाल्या झाल्या पहिल्याच फटक्यात तेवीस मिनिटं वाचवलीस. या वाचलेल्या मिनिटांचं तू काय करणार आहेस तेही खाली लिहिलेलं आहे: 'आलूबोंडे व चहा.'

गड्या, मी तुला 'कोर्ट' सुचवला तो आपल्या वीरा साथीदारांच्या आठवणीसाठी. नागपूरचा माणूस, आयुष्यभर चळवळीत वावरलेला, आणि एका चित्रपटात नारायण कांबळे नावाच्या लोकशाहिराची भूमिका करून जगभर पोचलेला. २०२१च्या एप्रिलमध्ये करोनाने गेले. त्यांच्यासाठी आपल्या लोकांनी एक संध्याकाळ बसावं एवढीच माझी सूचना. तू ती उचलून धरलीस, हॉल ठरवलास, वर्गणीही काढलीस, (दाखवण्याचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी मागितलीस ना? की तेही 'वाचणाऱ्या वेळात' धरलंस?) आणि मग सिनेमा मोबाइलवर बघून मला लिहिलंस, "पिच्चर चांगला हाय, पण मधात मधात काईच होत नाई. शेवटी तं पडदाच काळा होते. लोकायले वाटन, लाइन गेली. ते तेवढं कापून टाकतो."

हे वाक्य मी तीनदा वाचलं आणि तीनदाही मला तुझं म्हणणं पटत गेलं, कारण आपल्याकडे पडदा काळा झाला तर लाइनच गेलेली असते. पॅरिसच्या प्रेक्षकाला अंधार दिसला की त्याला दिग्दर्शकाचा हेतू आठवत असेल; आपल्याला वायरमनचा नंबर आठवतो. तेव्हा तुझी शंका अरसिकपणाची नाही, ती अनुभवाची आहे. म्हणून रागावून न लिहिता मी जरा सविस्तर लिहितो. आज रविवार आहे, चामोर्शीहून इथे मार्कंड्याला येऊन वैनगंगेच्या काठावर बसलो आहे, आणि जवळ कागद आहे. तसाही मोबाइलला इथे एकच दांडी मिळते, तीसुद्धा हात वर करून.

तुझ्या यादीतला शेवटचा अनुक्रमांक आधी घेतो, कारण सगळं भांडण त्याचंच आहे. तू लिहिलं आहेस: 'कोर्टरूम रिकामी होणे, दिवे बंद, काळा पडदा. काहीही घडत नाही. कापावे.'

आता तिथपर्यंत काय झालेलं आहे ते आठव. नारायण कांबळे हा पासष्टीचा म्हातारा शाहीर. आरोप असा की त्याने वस्तीत एक गाणं म्हटलं, ते ऐकून वासुदेव पवार नावाच्या सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला, म्हणून शाहीर आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा गुन्हेगार. पुरावा तपासावा तर पानापानाला ठिगळ. पण खटला चालतो, कारण खटले चालतातच. तारीख पडते, पुढची पडते, साक्षीदार येत नाही, पुन्हा तारीख. मधे त्याला जामीन मिळतो, आणि मग छापखान्यातून पोलीस त्याला दुसऱ्या गुन्ह्यासाठी पुन्हा उचलतात. त्या शेवटच्या सुनावणीला वकील सांगतो की माणूस म्हातारा आहे, आजारी आहे, जामीन द्या. न्यायाधीश नाही म्हणतात. आणि कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते.

आता तुझं 'काहीही घडत नाही' सुरू होतं. कॅमेरा लांब, जागचा हलत नाही. माणसं उठतात, फायली आवरतात, एकेक करून बाहेर पडतात. पार्श्वसंगीत नाही. व्हायोलिन नाही, सतार नाही, 'आता वाईट वाटून घ्या' असं सांगणारं कोणीच नाही. खोली रिकामी होते. दिवे जातात. दार लागतं. आणि आपण अंधारात बसून राहतो, चांगला बराच वेळ.

यात तू आणि मी तर तज्ज्ञ आहोत रे. शाखा बंद होताना काय होतं ते आपल्याइतकं कुणाला माहीत आहे? रोख मोजून होते, तिजोरीला दोन किल्ल्या लागतात, एक रोखपालाची, एक अधिकाऱ्याची. मग पंखे बंद होतात आणि आपल्याला एकदम कळतं की दिवसभर पंख्याचा एवढा आवाज होता. मग ट्यूबलाइट. बाहेर शटर खाली येतं. त्या दिवशी जर एखाद्या म्हातारीचं पेन्शनचं काम अडून राहिलं असेल, तर ते आपल्याला भरगर्दीत बाराला आठवत नाही, ते त्या शटरपाशी आठवतं. कारण तोवर आठवायला जागाच नसते. त्या दृश्याने नेमकं हेच काम केलं आहे. दोन तास कोर्टात आवाज आहे: कलमं वाचली जातायत, न्यायाधीश टंकलेखकाला मजकूर सांगतायत, खुर्च्या सरकतायत. त्या आवाजात तुला नारायण कांबळेची आठवण धरून ठेवायला फुरसत मिळाली का? सगळे घरी गेले, दिवा गेला, आणि मग एकच प्रश्न खोलीत उरतो, की तो म्हातारा कुठे आहे? तो पडद्यावर नाही. पडद्यावर काहीच नाही. तो कोठडीत आहे आणि सुट्टी संपेपर्यंत तिथेच असणार आहे. हे सिनेमा एका शब्दाने सांगत नाही. ते तुझं तुला सुचावं म्हणून तुला वेळ देऊन ठेवला आहे, आणि तू तो वेळ वाचवून आलूबोंड्यांच्या खाती जमा केलास.

आणखी एक गंमत त्या अंधारात आहे. अंधार लांबला की प्रेक्षकाला वाटतं, झाला सिनेमा. तो पायाने चपला चाचपायला लागतो. बायको पर्स आवरते. कोणी म्हणतो, "चला, दहा चाळीसची बस मिळते." म्हणजे बघ, त्या कोर्टातली माणसं जशी फायली आवरून सुट्टीवर निघाली तसे आपणही निघालेलो असतो. म्हातारा आत, आणि आपण चपलेत. आणि बरोबर त्याच वेळी पडदा पुन्हा उजळतो. भगभगीत उजेड, सहलीचं ठिकाण, न्यायाधीशमहाराज कुटुंबकबिल्यासह सुट्टीवर. तिथे ते बाकावर डुलकी घेतात, पोरं गुपचूप येऊन एकदम ओरडतात, ते दचकून उठतात आणि एका पोराच्या कानफटात देतात. पोरगं रडतं. महाराज पुन्हा झोपतात. संपला सिनेमा.

तू मधला अंधार काढलास तर काय राहतं ते मांडून बघ. जामीन नामंजूर, आणि लगेच न्यायाधीश सहलीला. हा विनोद झाला, आणि तोही आपल्या युनियनच्या पत्रकात शोभेल असा. लोक हसतील, 'बरोबर दाखवलं बुवा' म्हणतील आणि आलूबोंड्याकडे वळतील. अंधार ठेवलास की मात्र त्याच सहलीच्या उजेडाकडे डोळे बारीक करून बघावं लागतं, कारण आपण आत्ता कोंडलेल्या खोलीतून आलेले असतो. सहलीचं दृश्य तेच, चित्रण तेच, थप्पडही तीच. तिची किंमत फक्त त्या काळ्या पडद्याने बदलली. वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणून सांगतो, ज्या नोंदीमुळे पुढच्या नोंदीची किंमत बदलते ती नोंद कोरी आहे म्हणून खोडता येत नाही.

आता अनुक्रमांक दोन. 'सरकारी वकीलबाईंचा प्रवास व स्वयंपाक. खटल्याशी संबंध नाही. कापावे.'

या बाई म्हणजे गीतांजली कुलकर्णींनी केलेली नूतन. कोर्टात तिला पाहिलं की आपल्याला ती मुळीच आवडत नाही. जुन्यापान्या कायद्यातली कलमं ती अशी वाचते, की वाटावं किराण्याची यादी चालली आहे. या शाहिराला वीस वर्षं देऊन टाका आणि मोकळे व्हा, तीच तीच तोंडं बघून कंटाळा आला, अशा अर्थाचं ती सहज गप्पांत म्हणून जाते. खलनायिकेला अजून काय लागतं? आणि मग दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे तिच्या मागे मागे लोकलमध्ये जातो. तिथे ती दुसऱ्या बाईशी साडीबद्दल बोलते, नवऱ्याच्या मधुमेहाला कुठलं तेल चांगलं याबद्दल बोलते. मुलाला घेऊन घरी जाते. स्वयंपाक करते. घरचे टीव्ही बघत बसलेले. कोणी भांडत नाही, कोणी रडत नाही, दूध उतूसुद्धा जात नाही. कॅमेरा नुसता बघतो.

तू म्हणतोस, खटल्याशी संबंध नाही. माझं म्हणणं, या दृश्याने खटल्याची मांडणीच फिरवली. हे दृश्य छोटं असतं, दोन चटके देऊन संपलं असतं, तर आपण म्हटलं असतं, 'हां, हिला घर आहे बरं का,' आणि विसरलो असतो. ते लांबतं म्हणून आपण आधी कंटाळतो, मग तिच्या हातांकडे बघायला लागतो, आणि मग ओळख पटते. दिवसभर काउंटरवर बसून संध्याकाळी सात वाजता कणीक भिजवणारी बाई आपल्या दोघांच्याही घरी आहे. (तुझ्या वहिनीने हे दृश्य बघताना एकच शेरा मारला, "नवरा उठत नाही बघा जागचा." मी ताबडतोब उठून पाणी आणलं. सिनेमाचा परिणाम होत नाही म्हणणाऱ्यांनी आमच्या घरी यावं.) आता ही ओळखीची, दमलेली, प्रेमळ बाई दुसऱ्या दिवशी कोर्टात जाऊन म्हाताऱ्याला आत ठेवा म्हणते. राक्षसिणीने म्हटलं असतं तर आपण सुटलो असतो. राक्षस आपल्या शाखेत कुणीच नाही. आपल्या शाखेत सगळे सात वाजता कणीक भिजवणारेच आहेत, आणि कागद अडवणारेही तेच.

अनुक्रमांक तीन वाचून मात्र मी थोडा वेळ पत्र बाजूला ठेवलं होतं. 'मयताच्या पत्नीची साक्ष. फार थांबून थांबून बोलते. मधल्या मोकळ्या जागा कापाव्या.'

मयताची पत्नी म्हणून ज्या बाई उभ्या आहेत त्या व्यवसायाने नटी नाहीत. त्यांचा स्वतःचा नवरा हेच गटारसफाईचं काम करणारा होता आणि त्या विधवा आहेत. कोर्टात त्यांना विचारतात, तुमचा नवरा काम कसं करायचा? आणि त्या सांगतात, की तो आत उतरण्याआधी खडा टाकून बघायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे, उतरायला हरकत नाही. वास सोसवत नाही म्हणून आधी दारू प्यायचा. गॅसने त्याचा एक डोळा गेला होता. एवढं सगळं त्या तीन-चार शब्दांच्या वाक्यांत सांगतात, आवाज न चढवता. आणि प्रत्येक उत्तरानंतर थांबतात.

त्या का थांबतात ते तुझ्या लक्षात आलं नाही, कारण तू सिनेमा दीडपट वेगाने बघितलास. त्या थांबतात, कारण कोर्टात साक्ष अशीच होते. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ते ऐकतात, मग आपल्या भाषेत टंकलेखकाला सांगतात, आणि ते टाइप झालं की पुढचा प्रश्न. साक्षीदाराने सांगितलेलं आणि कागदावर उतरलेलं यांच्या मधली ती जागा आहे. बाईच्या तोंडून झुरळं निघतात आणि कागदावर ऑक्सिजनसंबंधी निवेदन उतरतं. आपण हे रोज करतो. समोरचा म्हणतो, "साहेब, बैल मेला, पेरणी तोंडावर हाय," आणि आपण अर्जाच्या रकान्यात लिहितो, 'प्रयोजन : पशुधन खरेदी.' आपण लिहीत असतो तेवढा वेळ तो माणूस काउंटरला धरून उभा असतो. त्या वेळात तो कसा दिसतो हे मी नोकरीच्या बावीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं, कारण तेव्हा माझी मान खाली असते. या सिनेमात कॅमेऱ्याने मान खाली घातलेली नाही. एवढाच त्या मोकळ्या जागांचा अर्थ. त्या कापल्यास की बाई एकदम हुशार, चटपटीत साक्षीदार होईल, आणि मग ती गोष्ट खोटी वाटायला लागेल.

आता तू म्हणशील, हा भलताच पुळका झाला, उद्या हा म्हणेल की सगळेच संथ सिनेमे थोर. मुळीच नाही. माणूस खिडकीतून चार मिनिटं समुद्राकडे बघतो, मग समुद्र चार मिनिटं माणसाकडे बघतो, असे सिनेमे मीही सोसलेले आहेत. त्यांतल्या एकात तर माझ्या शेजारचे गृहस्थ घोरायला लागले तेव्हा मला संवाद सुरू झाल्याचा आनंद झाला. पण खोटी शांतता ओळखायला फार कष्ट पडत नाहीत. ती व्हाउचर नसलेल्या नोंदीसारखी असते. मी स्वतःला एवढंच विचारतो, की हे गप्प दृश्य सुरू होण्याआधी मला असं काय माहीत आहे, ज्याच्याबद्दल या वेळात मी विचार करीन? काहीच माहीत नसेल तर मी समुद्रच बघणार, आणि समुद्र बघायला तिकीट कशाला? आणि दुसरं, हे काढलं तर पुढच्या दृश्याला काही फरक पडतो का? नाही पडला तर खुशाल काप, मी कात्री आणून देतो.

हे 'आधीचं माहीत असणं' कसं कामाला येतं याचं सगळ्यात चोख उदाहरण बेल्जियममधलं आहे. शांताल आकरमान नावाच्या बाईंनी १९७५ साली 'जान दिलमान' नावाचा सिनेमा काढला. लांबी तीन तास एकवीस मिनिटं. ऐकूनच तुझी कात्री शिवशिवली असेल. ब्रुसेल्समधल्या एका विधवेचे तीन दिवस आहेत. पहिल्या दिवशी ती घर आवरते, ताटं मांडते, दिवा लावते, दिवा घालवते, स्वयंपाक करते. सगळं ठाकठीक, घड्याळासारखं. दुसऱ्या दिवशी तिचे बटाटे जास्त शिजतात. बस्स. पातेलं हातात घेऊन ती कुठे ठेवावं ते न कळून घरभर फिरते, आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो! बटाटे गिचका झाले म्हणून! पहिला दिवस आपण पूर्ण बघितलेला असतो म्हणून हे होतं. आपल्याकडे नमुना सही असते. खातेदाराची खरी सही शंभर वेळा पाहिलेली असली की खोट्या चेकवरचा एक फाटा जरा वाकडा गेला तरी हात थांबतो. आकरमानबाईंनी पहिल्या दिवशी नमुना सही दिली, आणि दुसऱ्या दिवशी फाटा वाकडा केला. पुढे तिसऱ्या दिवशी जे घडतं ते सांगत नाही, पण ते भयंकर आहे. 'साइट अँड साउंड' या इंग्रजी मासिकाने २०२२ साली जगभरच्या समीक्षकांची मतं घेतली, तेव्हा हा बटाट्यांचा सिनेमा पहिल्या क्रमांकावर आला. तू पहिला दिवस कापून दाखवलास तर तो स्वयंपाकघरातल्या एका बिघाडाचा सिनेमा होईल.

'कोर्ट'मध्येही तेच आहे. ती खोली आपण सिनेमाभर भरलेली बघितलेली असते. तिथे गोंगाट असणार, कुणीतरी उभं असणार, कुणाची तरी तारीख पडणार, हे डोळ्यांना पाठ झालेलं असतं. म्हणून ती रिकामी झाली की टोचते. सिनेमा तिथूनच सुरू झाला असता तर तू म्हणाला असतास ते खरं होतं, खोली रिकामी आहे आणि काही घडत नाही.

आणि तुझा तो मुख्य मुद्दा, 'आपल्या लोकांना एवढा धीर नाही.' गड्या, हे कोण बोलतो आहे? देसाईगंज-वडशाच्या झाडीपट्टी नाटकाला तू आणि मी एकदा गेलो होतो, आठवतं? रात्री दहाला सुरू झालेलं नाटक पहाटे पाचला संपलं. धानाच्या कापणीनंतरची थंडी, खाली तणस, अंगावर शाल, आणि एक माणूस जागचा उठला नाही. दुसऱ्या दिवशी शेतावर जायचं होतं त्यांना. सात तास बसणाऱ्या लोकांना एकशे सोळा मिनिटांचा धीर नाही? धीर आहे. फक्त तिथे शांतता झाली की ऑर्गनवाला ती भरून काढतो, आणि इथे ती भरायचं काम आपल्यावर सोपवलेलं आहे. सवयीचा फरक आहे. आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात जयंत सोमलकरांनी गावातलीच माणसं घेऊन 'स्थळ' काढला. २०२३ साली तो टोरांटोच्या महोत्सवात गेला, २०२५च्या मार्चमध्ये आपल्याकडे लागला. त्यात मुलगी पाहायला येतात, तिला पाटावर बसवतात, नाव, उंची, शिक्षण, छंद विचारतात. पुन्हा दुसरे येतात, तेच विचारतात. पुन्हा. माझ्या पुढच्या रांगेत बसलेल्या बाया पहिल्या वेळी खळखळून हसल्या. नंतर नंतर हसू गेलं. शेवटी शेवटी त्यांतली एक पदराची गाठ सोडत आणि बांधत नुसती बघत होती. तिला कुणी जागतिक सिनेमाचा वर्ग घेतला नव्हता. ती कधीतरी पाटावर बसलेली होती.

इथे मार्कंड्यालाही मी दर वेळी हेच बघतो. सहलीची गाडी येते. "चला, पटापट, मग हेमलकसा करायचं आहे." दहा मिनिटांत मंदिर आटोपतं. भिंतीवर ओळीने कोरलेल्या मूर्ती त्यांना सगळ्या सारख्याच दिसतात, आणि दहा मिनिटांत त्या खरोखरच सारख्या असतात. ऊन जरा कलू द्यावं लागतं. सावली आडवी झाली की एकीच्या कमरेचा बाक दिसतो, दुसरीची मान वळलेली दिसते, आणि मग कळतं की कोरणाऱ्याने एकही पुन्हा केलेली नाही. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४च्या सुमारास इथे आला तेव्हा त्याला खजुराहोची आठवण झाली. बैलगाडीच्या काळात आलेला माणूस, त्याला परत जायची घाई करून उपयोगच नव्हता. नदीचंही तसंच. वैनगंगा इथे वळून उत्तरेकडे वाहते, म्हणून या जागेचं माहात्म्य, पण ते वळण पुलावरून जाताना दिसत नाही, बसल्यावर दिसतं. आणि गाव कुणाचं म्हणशील, तर सोळाव्या वर्षी मरायचं ठरलेल्या त्या पोराचं, ज्याने पिंडीला मिठी मारली आणि साक्षात यमाला 'जरा थांबा' म्हणायला लावलं. त्याच्या अंगणात बसून मी तुझी तेवीस मिनिटांची बचत मंजूर करणं शोभत नाही.

तेव्हा सूचना देतो, त्या शब्दशः पाळ. सिनेमा पूर्ण दाखवायचा, एकाच दमात, मध्यंतर करायचं नाही. तुझ्या त्या मोठ्या टीव्हीवर नको, प्रोजेक्टर भाड्याने आण. कारण लांबून घेतलेल्या चित्रात कोपऱ्यातला माणूस काय करतो ते छोट्या पडद्यावर दिसतच नाही, आणि मग 'काही घडत नाही' हे म्हणणं खरं ठरतं. आवाजाची पट्टी गाण्यांवर ठरवू नकोस. संभाजी भगतांची गाणी कमी आवाजातसुद्धा ऐकू येतील. पट्टी त्या बाईंच्या साक्षीवर ठरव, त्या हळू बोलतात. खिडक्यांना जाड पडदे लाव. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड आत आला तर तो अंधार करडा होईल, आणि करडा अंधार म्हणजे खरोखरच लाइन गेल्यासारखं वाटतं.

जनरेटर आधीच तपासून ठेव, म्हणजे तुला स्वतःला खात्री राहील. सुरू करण्यापूर्वी भाषण करू नकोस. करायचंच असेल तर साथीदारांबद्दल दोन वाक्यं बोल आणि शेवटी एवढंच सांग, "पडदा मधे काळा होईल, लाइन गेलेली नाही, कुणी उठू नये." नाही, थांब, हेही सांगू नकोस. चपला चाचपू देत त्यांना.

फक्त स्विचबोर्डापाशी तो आपला उत्साही शिपाई बसवू नकोस, ज्याला प्रत्येक कार्यक्रमात सगळ्यांच्या आधी दिवे लावायचे असतात. तिथे तू स्वतः बस, हात मांडीखाली घेऊन. सहल होईपर्यंत, थप्पड होईपर्यंत, म्हातारा न्यायाधीश पुन्हा झोपेपर्यंत आणि नावं वर सरकून संपेपर्यंत दिवा लावायचा नाही. मग लाव. मग आलूबोंडे. वर्गणीत बसत असेल तर चटणीही ठेव, आणि माझे दोन काढून ठेव. चामोर्शीहून यायची बस उशिरा पोचते, पण सिनेमा सुरू व्हायच्या आत मी येतो.

तुझा,
रोखपाल, काउंटर क्रमांक दोन